काठी, ओळंबा आणि दीपमाळ

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ‘यंत्राध्याय’ नावाचे एक छोटे प्रकरण आहे. गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुरीय, फलक अशी नऊ यंत्रे ते ओळीने मोजून सांगतात आणि दहावे सांगतात ‘धी’, म्हणजे बुद्धी. खरे यंत्र तेवढे हेच, असा त्यांचा रोख आहे. ही नुसती सुभाषितवजा टाळी असती, तर तिच्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. पण पुढे ते या यंत्राची कृती देतात. हातात एक काठी, काठीच्या मुळाशी डोळा आणि समोर एक बांबू. बांबूजवळ जायचे नाही. बांबू किती लांब आहे आणि किती उंच आहे, ते जागेवरूनच सांगायचे.

गेल्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बोलायला मला बोलावले, तेव्हा मी हाच विषय घेतला: हात न पोचणाऱ्या वस्तूंची उंची, अंतर आणि आकार साध्या साधनांनी कसा मोजायचा. प्रदर्शनात कोनमापकाला शीतपेयाची नळी चिकटवून, दोऱ्याला नट बांधून केलेली उंचीमापके होतीच. दरवर्षी असतात. मुलांनी शाळेच्या पाण्याच्या टाकीची उंची काढली होती आणि उत्तर पुठ्ठ्यावर लिहिले होते, दशांशचिन्हानंतर दोन अंकांपर्यंत. ते दोन अंक आले कुठून, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला आणि भाषण त्याच वाटेने गेले. पुढचा मजकूर त्या भाषणाचाच वाढवलेला आहे.

आधी एक गोष्ट हातावेगळी करतो. भाषणापूर्वी तिथल्या सरांनी मला हळूच सुचवले होते, ‘भास्कराचार्य आपल्या बीडचेच, हेही सांगा बरं का मुलांना.’ आमच्या जिल्ह्यात ही समजूत घट्ट आहे. भास्कराचार्य आपले गाव ‘विज्जडविड’ सांगतात आणि त्यातल्या ‘विड’मध्ये बीड ऐकू येते, हा तिचा पाया. पण त्याच श्लोकात ते गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असल्याचेही ते सांगतात. बीडजवळचा डोंगर बालाघाटाचा. त्याला सह्याद्रीचा फाटा म्हणता येते, पण तसे म्हणायला आधी गाव ठरवून घ्यावे लागते. उलट चाळीसगावजवळच्या पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याचाच आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि शके ११२८ मध्ये त्याला निकुंभ राजांकडून उत्पन्न मिळाले, असे त्यात कोरलेले आहे. त्यावरून मूळ गाव पाटणच होते असेही सिद्ध होत नाही. माझे मत विचाराल, तर नावाच्या एका अक्षराच्या साम्यावर बीडने दावा ठोकू नये. मी सरांना तसे सांगितले. त्यांनी ते मानले की नाही, कोण जाणे.

आता मोजणीकडे. ‘सिद्धान्तशिरोमणी’चाच पहिला भाग असलेल्या ‘लीलावती’त ‘छायाव्यवहार’ नावाचे प्रकरण आहे. तिथे काठीऐवजी शंकू आहे: बारा अंगुळे उंचीची, सपाट जागी उभी केलेली खुंटी. तिच्या शेजारी उंचावर दिवा आहे आणि दिव्यामुळे खुंटीची सावली पडते. दिव्याच्या पायथ्यापर्यंत जाता येत असेल, तर उंची काढणे सोपे. खुंटीपासून दिव्याच्या तळापर्यंतचे अंतर तीन हात, म्हणजे चोवीस अंगुळांच्या हाताने ७२ अंगुळे, आणि सावली १६ अंगुळे. सावलीच्या सोळा अंगुळांत प्रकाशाची तिरपी रेषा बारा अंगुळे चढते, म्हणून पुढच्या ७२ अंगुळांत ती ५४ चढेल. त्यात खुंटीची उंची मिळवली की ६६ अंगुळे, म्हणजे पावणेतीन हात. हे त्रैराशिकच झाले. सातवीतल्या मुलाला ते खडू न उचलता समजते.

पण दिव्याच्या पायथ्याशी जाता आले नाही तर? भास्कराचार्यांचा पुढचा प्रश्न नेमका हाच आहे. खुंटी एका जागी ठेवली, सावली ८ अंगुळे पडली. ती दिव्यापासून सरळ रेषेत दोन हात मागे सरकवली, आता सावली १२ अंगुळे पडली. दिव्याची उंची सांगा आणि तळाचे अंतरही सांगा. दोन हात म्हणजे ४८ अंगुळे. दुसरी सावली चार अंगुळांनी वाढली, म्हणून सावल्यांच्या टोकांमधले अंतर ५२. याला पहिल्या सावलीने, म्हणजे आठाने, गुणायचे आणि सावल्यांच्या फरकाने, म्हणजे चाराने, भागायचे. आले १०४. हे पहिल्या सावलीच्या टोकापासून दिव्याच्या तळापर्यंतचे अंतर. आठ अंगुळांना बारा चढ, तर १०४ ला १५६. दिवा साडेसहा हात उंच. विष्णूने जसे आपल्या नाना रूपांनी विश्व व्यापले, तसे हे सगळे एका त्रैराशिकाने व्यापलेले आहे, अशा अर्थाचा शेरा त्यांनी इथे मारला आहे, आणि तो या गणितापुरता तंतोतंत खरा आहे.

ही रीत भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे. आर्यभटाच्या गणितपादात, म्हणजे त्यांच्या आधी साडेसहाशे वर्षे, ती आहे. चीनमध्ये लिऊ हुई या गणितज्ञाने इ.स. २६३ मध्ये समुद्रातल्या बेटाची उंची किनाऱ्यावरून मोजण्याचा प्रश्न दोन खांबांनी सोडवला, तीही मुळात हीच रीत. कोणी कोणाकडून घेतली या वादात मला फारसा रस नाही. ज्याला नदीपलीकडचे झाड मोजायचे आहे, तो कधीतरी दोन पावले मागे सरकून पुन्हा बघणारच.

मी भाषणात इथे थांबलो आणि मुलांना एक साधी गोष्ट करायला सांगितली: दुसरी सावली बाराऐवजी अकरा अंगुळे धरा आणि पुन्हा हिशेब करा. टोकांमधले अंतर ५१, फरक ३. त्यावरून दिव्याच्या तळाचे अंतर १३६ आणि उंची २०४ अंगुळे, म्हणजे साडेआठ हात. एका बोटाच्या चुकीने दिवा दोन हात वर गेला. उलट बाजूला सावली तेरा धरली, तर उंची सव्वापाच हातांच्या जवळपास येते. म्हणजे चूक दोन्हीकडे सारखीही पडत नाही. उत्तर वरच्या बाजूला जास्त पळते. कारण उघड आहे. आपण सावल्यांच्या फरकाने भागतो. सावली आठ किंवा बारा अंगुळे असली, तरी फरक चारच अंगुळे आहे, आणि एक बोट हा चाराचा चौथा हिस्सा. पायथ्याशी जाता येत होते तेव्हा एका बोटाच्या चुकीचे एवढे स्तोम नव्हते. तिथे सोळाची सावली पंधरा धरली, तर ६६ चे साधारण ७० होतात, बस्स.

‘लीलावती’त हे लिहिलेले नाही. पाठ्यपुस्तकात उत्तर ‘साडेसहा हात’ असते आणि ते बरोबर असते. पण अंगणात दिव्याची ज्योत म्हणजे बिंदू नसतो. तिला रुंदी असते आणि सावलीची कड पुसट पडते. अकरा की बारा, हे त्या पुसट कडेत कुठे बोट ठेवले यावर ठरते.

सूर्याच्या सावलीचेही तसेच. बीड शहराच्या पूर्वेला टेकडीवर खंडोबाचे हेमाडपंती धाटणीचे देऊळ आहे. त्याच्यापुढे दोन अष्टकोनी दीपमाळा उभ्या आहेत, सुमारे ७० फूट उंचीच्या. अशा दीपमाळेची उंची सावलीवरून काढायची म्हटली की मुले लगेच काठी रोवतात. काठीची सावली, दीपमाळेची सावली, त्रैराशिक, उत्तर. इथे तीन ठिकाणी फसगत होते. पहिली अशी की सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. सूर्य ४५ अंशांवर असताना ७० फुटांवरच्या शेंड्याच्या सावलीची कड जमिनीवर सव्वा फुटाहून जास्त रुंद पट्ट्यात विरघळलेली असते. काठीची सावली मात्र जवळची, म्हणून टोकदार. ज्याने दीपमाळेच्या सावलीचे टोक ‘इंचापर्यंत’ मोजले असेल, त्याने मनानेच रेघ ओढलेली असते. दुसरी फसगत अशी की दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायला हव्यात. टेप एकच असला, की काठीची मोजून दीपमाळेकडे जाईपर्यंत पाच मिनिटे जातात आणि सकाळी-संध्याकाळी तेवढ्यात सावली चांगलीच सरकते. तिसरी सगळ्यांत जास्त घडते आणि सगळ्यांत कमी लक्षात येते: सावली दीपमाळेच्या बाहेरच्या कडेपासून मोजली जाते. शेंडा मात्र कडेच्या वर नसतो, मध्यावर असतो. मध्यबिंदू बांधकामाच्या पोटात दडलेला असल्यामुळे तिथवर टेप जात नाही. म्हणून तळाची रुंदी वेगळी मोजून तिचा निम्मा भाग सावलीत मिळवावा लागतो. तो न मिळवला, तर दर वेळी उंची कमीच येते, आणि दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ती सुधारत नाही. अशी चूक ओळखण्याची एक खूण आहे. सावली लांब असताना आणि आखूड असताना, दोन्ही वेळा मोजा. आखूड सावलीचे उत्तर लांब सावलीच्या उत्तरापेक्षा प्रत्येक वेळी लहान येत असेल, तर काहीतरी मिळवायचे राहिले आहे.

आता पुन्हा काठीकडे येतो. धीयंत्राची कृती अशी. काठीच्या खालच्या टोकाला डोळा लावायचा आणि काठी अशी धरायची की तिच्या दुसऱ्या टोकावर लक्ष्य दिसावे. मग काठी तशीच स्थिर ठेवून दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत ओळंबे सोडायचे. दोन ओळंब्यांमधले जमिनीवरचे अंतर म्हणजे भुज आणि त्यांच्या लांबीतला फरक म्हणजे कोटी. काठी आपल्या नजरेची तिरपी रेषा आहे, भुज तिची आडवी धाव आणि कोटी तिचा चढ किंवा उतार. अंशांचे कोन नाहीत, कोष्टक नाही. गवंड्याच्या पिशवीत जे असते त्यात भागते.

आधी बांबूच्या मुळाकडे पाहायचे. काठी खाली कलते. आपला डोळा जमिनीपासून किती उंच आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. काठीच्या भुजेइतक्या अंतरात नजर कोटीइतकी उतरली, तर डोळ्याच्या पूर्ण उंचीइतकी उतरायला ती किती लांब जाईल? ते बांबूचे अंतर. मग शेंड्याकडे पाहायचे आणि त्या अंतरात नजर किती चढली ते काढून त्यात डोळ्याची उंची मिळवायची. एकही पाऊल न टाकता अंतर आणि उंची दोन्ही हाती आली. मला हे पहिल्यांदा उमगले ते बापूदेव शास्त्रींमुळे. पुण्यात जन्मलेल्या आणि काशीला शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या या पंडितांनी विल्किन्सन यांचे गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर तपासून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली कृती वाचली आणि दुसऱ्या दिवशी बांबूच्या काठीने घरामागचा विजेचा खांब मोजायला लागलो. शेजाऱ्यांना वाटले, तार चोरतोय.

दीपमाळेवर हे चालवून पाहू. आपण तिच्या मध्यापासून १०० फुटांवर उभे आहोत असे धरू, पण ते आपल्याला माहीत नाही. डोळ्याची उंची ५ फूट, काठी सहा फुटांची, म्हणजे ७२ इंचांची. मुळाकडे पाहिले की काठीचे पुढचे टोक डोळ्यापेक्षा ३.६ इंच खाली जाईल. साठ इंचांना ७२ ने गुणून ३.६ ने भागले की १२०० इंच, म्हणजे १०० फूट. छान. पण ओळंबे मोजताना पाव इंच इकडेतिकडे झाले तर? तितके होतेच, वाऱ्याने दोरा हलतो, हात थकतो. ३.६ च्या जागी ३.३५ मिळाले, तर अंतर १०७ फूट येते. ३.८५ मिळाले, तर साडेत्र्याण्णव. पाव इंचाला सात फूट. मग हीच काठी घेऊन हजार फुटांवर उभे राहा. आता उतार सगळा मिळून ०.३६ इंच. त्यात पाव इंचाची चूक धरली की उत्तर ५९० फूट ते ३२७० फूट यांत कुठेही पडू शकते. म्हणजे काठीने काहीच सांगितले नाही. आणि उत्तर मात्र दशांशचिन्हासकट येते, हे विसरता कामा नये.

चूक काठीची आहे, असे मुलांना वाटले. एकाने लेझर लावण्याची सूचना केली. लेझरने नजरेची रेषा सरळ होईल, पण खरा आजार वेगळा आहे. या सगळ्या मोजणीत आपल्याजवळ प्रत्यक्ष मोजलेली लांबी एकच: डोळ्याची उंची, पाच फूट. बाकी सगळे तिच्यावर रचलेले. पाच फुटांच्या पायावर हजार फुटांचे अंतर तोलले, की पायातला केसभर कलही शेंड्याला मोठा होतो. या मोजलेल्या लांबीला मी आधाररेषा म्हणतो. ती वाढवली की तीच काठी पुन्हा शहाणी होते. पन्नास फूट उंचीच्या, खाली सपाट मैदान असलेल्या बुरुजावर उभे राहून हजार फुटांवरचे झाड पाहिले, तर काठी पुन्हा साधारण ३.६ इंच उतरेल आणि पाव इंचाची चूक पुन्हा सात टक्क्यांवर येईल.

आणखी एक अट या रीतीत गुपचूप बसलेली आहे. आपले पाय आणि बांबूचे मूळ एकाच पातळीत हवे. खंडोबाच्या टेकडीसारख्या ठिकाणी उतारावर उभे राहून हे केले, तर डोळ्याची ‘पाच फूट’ उंची खरी राहत नाही. मूळ आपल्या पायापेक्षा दोन फूट वर असेल, तर खरी उंची तीन फूट उरते आणि अंतर खऱ्याच्या दीडपटीहून जास्त दिसते. हे ओळखायला गवंड्यांची लेव्हलची नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक आपल्यापाशी, दुसरे दीपमाळेपाशी धरले की पातळीचा फरक लगेच कळतो. पण मग पायथ्याशी माणूस पोचलाच, तर अंतरही टेपाने का मोजू नये, असा प्रश्न एका मुलीने विचारला. तो अगदी बरोबर होता. जिथे जाता येते तिथे टेपच वापरावा.

भास्कराचार्यांना ही अडचण दिसली असावी, कारण त्यांनी तिच्याही पुढचा प्रश्न घातला आहे: मूळ दिसतच नाही, आड घर आहे, शेंडा तेवढा दिसतो. आता काय? त्यांचे उत्तर गमतीचे आहे. एकदा बसून बघा आणि एकदा उभे राहून बघा. बसल्या जागी शेंडा थोडा जास्त उंच दिसतो, उभे राहिले की थोडा कमी. त्या फरकातून अंतर निघते. म्हणजे लीलावतीतल्या दोन खुंट्या इथे आडव्याऐवजी उभ्या मांडल्या. आधाररेषा कोणती? बसलेल्या आणि उभ्या डोळ्यामधली उंची, अडीच फूट. दीपमाळेवर हिशेब केला तर असे दिसते. काठीची भुज ६० इंच ठेवली, तर उभे असताना चढ ३९ इंच आणि बसल्यावर साडेचाळीस. फरक दीड इंच. तीस इंचांना साठने गुणून दीडने भागा, बाराशे इंच, १०० फूट. पण दोन्ही वेळा पाव-पाव इंच चुकले आणि चुका उलट दिशेला पडल्या, तर फरक एक इंच किंवा दोन इंच होतो. अंतर दीडशे फूट किंवा पंच्याहत्तर. दीपमाळेची उंची त्या मानाने शंभरीच्या वर जाते किंवा पंचावन्न फुटांपर्यंत खाली येते. भूमितीत एक अक्षर चुकलेले नाही. अंगणात मात्र ही रीत कोड्यापुरतीच आहे. बुद्धीला यंत्र म्हणणाऱ्या माणसाने ती कोडे म्हणूनच घातली असावी, असे मला वाटते.

अशा मोजणीचा कस आधाररेषेत असतो, हे एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाने कृतीत आणून दाखवले. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ जी पहिली रेषा साखळीने मोजली, ती साडेसात मैलांची होती. लाकडी पेट्यांत ठेवलेली साखळी, उष्णतेने ती किती वाढते याचा हिशेब आणि त्या एका रेषेपायी दीड महिन्याहून अधिक काळ. पुढचे सगळे त्रिकोण तिच्यावर उभे राहिले. दरम्यान ठिकठिकाणी नव्या रेषा मोजून साठलेली चूक तपासायची, असाही नेम होता. हा लॅम्बटन १८२३ मध्ये सर्वेक्षण पुढे नेत असताना विदर्भात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या थिओडोलाइटचे वजन अर्ध्या टनाच्या घरात होते, पण त्याने जे मोजले तेही काठीनेच मोजता येते तसले त्रिकोण होते.

जमिनीवर आधाररेषा वाढवता येते. आकाशातल्या वस्तूंसाठी कुठून आणायची? भाषणाचा शेवटचा भाग इथे वळला, कारण प्रदर्शनात सूर्याचा व्यास काढण्याचा एक प्रयोग होता. पुठ्ठ्याला टाचणीने भोक, पलीकडे कागद, कागदावर सूर्याची छोटी गोल प्रतिमा. भोकापासून कागदाचे अंतर प्रतिमेच्या व्यासाच्या साधारण १०८ पट येते. मुलांनी पाठ्यपुस्तकातले पंधरा कोटी किलोमीटर घेतले, १०८ ने भागले आणि सूर्याचा व्यास ‘मोजला’. खरे म्हणजे त्यांनी गुणोत्तर मोजले होते. व्यास पुस्तकातून आला होता. जवळचा लहान सूर्य आणि लांबचा मोठा सूर्य, दोघांचीही प्रतिमा कागदावर सारखीच पडते.

भास्कराचार्यांच्या आकड्यांत हे लख्ख दिसते. ते चंद्राचा व्यास ४८० योजने देतात आणि अंतर ५१,५६६. भागून पाहा, १०७ च्या थोडे वर. सूर्याचा व्यास ६,५२२ आणि अंतर ६,८९,३७७. भागाकार १०५ च्या थोडा वर. दोन्ही गुणोत्तरे आजच्या मापाला लागून आहेत, कारण ती डोळ्यांना दिसणाऱ्या तबकडीवरून आली. आता अंतरांकडे पाहू. पृथ्वीचा व्यास ते १,५८१ योजने धरतात. त्या हिशेबाने चंद्र पृथ्वीच्या साडेबत्तीस व्यासांइतका लांब. आज आपण तीस म्हणतो. साध्या साधनांच्या काळात हे उत्तम आहे. सूर्य मात्र त्यांच्या आकड्यांनी ४३६ व्यासांवर येतो. तो आहे पावणेबारा हजारांच्या आसपास.

एकच माणूस, तीच साधने, मग चंद्र इतका अचूक आणि सूर्य सत्तावीसपट जवळ कसा? चंद्रासाठी पृथ्वीच आधाररेषा झाली. पृथ्वीच्या मध्यातून पाहिले असते तर चंद्र जिथे दिसला असता आणि क्षितिजाजवळ असताना पृष्ठभागावरून तो जिथे दिसतो, त्यांत जास्तीत जास्त सुमारे एका अंशाचा फरक पडतो. याला जुने ज्योतिषी लंबन म्हणत. एक अंश म्हणजे चंद्राच्या दोन तबकड्या. ग्रहणांच्या वेळा जुळवताना तो चुकून चालतच नाही. म्हणून ते लंबन शतकानुशतके ग्रहणांवर घासून नीट झाले होते. सूर्याचे लंबन नऊ विकलांहूनही कमी. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाही, काठीने नाही, चक्रयंत्राने नाही. पृथ्वीची आधाररेषा सूर्यापुढे म्हणजे हजार फुटांवरच्या झाडापुढे उभ्या माणसाच्या पाच फुटांहून किती तरी तोकडी.

मग त्यांचा आकडा आला कुठून? तो मोजलेला नाही, मानलेल्या एका नियमातून आला. सगळे ग्रह रोज सारखीच योजने चालतात, असे सिद्धान्तग्रंथ धरून चालत. भास्कराचार्यांच्या हिशेबात हे दैनिक अंतर ११,८५८ योजनांच्या थोडे वर आहे. मग जो ग्रह आकाशात हळू सरकतो तो लांब, जो भराभर सरकतो तो जवळ. चंद्र सत्तावीस दिवसांच्या थोड्या वर एक फेरी करतो, सूर्य ३६५ दिवसांच्या थोड्या वर, म्हणून सूर्य चंद्राच्या तेरापटींहून थोडा जास्त लांब. तेच उलट लिहिले की लंबन दैनिक गतीच्या पंधराव्या हिश्श्याइतके येते. चंद्राच्या बाबतीत हा हिस्सा बावन्न कला भरतो, खऱ्या सत्तावन्नच्या जवळ. सूर्याच्या बाबतीत जवळजवळ चार कला भरतो, खऱ्याच्या सत्तावीसपट. नियम चंद्रावर बेतलेला होता आणि सूर्याला तोच अंगरखा घातला गेला. ग्रहणाच्या गणितात सूर्याची ही चूक चार कलांची, म्हणून तेवढ्याने वेळेत फार फरक पडत नाही, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. आकड्याला तपासणीची वेळच आली नाही.

मुलांपैकी एकाने विचारले, ‘मग सर, त्यांना चूक कशी कळणार होती?’ मी त्याला सांगितले की पृथ्वीवर राहून, दुर्बिणीशिवाय, जवळजवळ कशानेच नाही. १६७२ मध्ये कॅसिनीने पॅरिसहून आणि रिशेने दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून एकाच सुमारास मंगळाची जागा ताऱ्यांच्या संदर्भात मोजली. मधल्या हजारो किलोमीटरची आधाररेषा आणि दोन्ही टोकांना दुर्बिणी होत्या. सूर्य नेहमी दिसतो त्या तेजात तारे दिसत नाहीत, म्हणून मंगळाच्या आडून जावे लागले. त्यातून सूर्याचे लंबन साडेनऊ विकला निघाले, खऱ्याच्या बरेच जवळ. तोवर पाटणच्या मठात पढवलेला ४३६ व्यासांचा सूर्य पंचांगांच्या गणितात सुखाने चालत होता.